प्रवासी विक्रेत्याच्या समस्येत क्रमांक-चल वापरून उपफेऱ्या कशा टाळतात?

प्रश्न: सहा शहरांसाठी असाइनमेंटच्या अटी घातल्यावर सॉल्व्हर १→२→३→१ आणि ४→५→६→४ अशा दोन वेगळ्या फेऱ्या देतो. म्हणून u ची अट सगळ्या शहरांसाठी घातली, तर आता उत्तरच अस्तित्वात नाही असे सांगतो. हे u नेमके काय करतात आणि माझे काय चुकते आहे?

उत्तर: तुमच्या सॉल्व्हरने दोन्ही वेळा दिलेल्या अटी तंतोतंत पाळल्या आहेत. प्रत्येक शहरातून एकदाच निघायचे आणि प्रत्येक शहरात एकदाच पोहोचायचे, एवढेच असाइनमेंटच्या अटी सांगतात; सगळी शहरे एकाच फेरीत असावीत, हे त्यांत कुठेच येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मिलर, टकर आणि झेमलिन यांनी १९६० मध्ये प्रत्येक शहराला u हा क्रमांक-चल जोडला. आज ही अट बहुधा अशी लिहितात:

```
u_i - u_j + (n-1) x_ij <= n-2     (i, j = 2..n, i ≠ j)
2 <= u_i <= n                     (i = 2..n)
```

x_ij = 1 असेल, म्हणजे i वरून थेट j ला जायचे ठरले असेल, तर या अटीतून u_j हा u_i पेक्षा किमान १ ने मोठा असला पाहिजे एवढे उरते. x_ij = 0 असेल, तर फक्त u_i - u_j ≤ n-2 उरते, आणि ते u च्या मर्यादांमुळे आपोआपच पाळले जाते. थोडक्यात, वापरलेल्या वाटेवर क्रमांक वाढलाच पाहिजे आणि न वापरलेल्या वाटेबद्दल अट काही बोलत नाही.

आता तुमची ४→५→६→४ ही फेरी घ्या. ४ वरून ५ ला जाताना क्रमांक वाढतो, ५ वरून ६ ला जाताना वाढतो, आणि ६ वरून पुन्हा ४ ला येतानाही तो वाढायला हवा. n = 6 धरून तीन असमता एकमेकींखाली लिहून बेरीज करा: डावीकडे सगळे u एकमेकांना छेदून जातात आणि 15 ≤ 12 उरते. u ला कोणतीही किंमत दिली तरी हे खरे होऊ शकत नाही, म्हणून ती फेरी बाद होते.

१→२→३→१ या फेरीत मात्र अट फक्त २→३ या वाटेवर लागते आणि ती सहज पाळली जाते. तरीही काळजीचे कारण नाही, कारण शहरे दोन किंवा अधिक फेऱ्यांत विभागली गेली की त्यांतल्या किमान एका फेरीत शहर १ नसतेच. तेवढी फेरी अडवली की संपूर्ण विभागणीच अडते. शहर १ ला अटीतून वगळण्याचे कारण हेच आहे, आणि तुमची चूकही इथेच आहे. शहर १ धरूनही अट घातली, की खऱ्या फेरीतसुद्धा क्रमांक वाढत वाढत सुरुवातीच्याच शहराशी येतो. मग वरच्यासारख्याच बेरजेतून 30 ≤ 24 निघते आणि एकही फेरी शिल्लक राहत नाही.

शहर १ वगळल्यावर खरी फेरी टिकते का, तेही पडताळून पाहा. १→४→२→६→३→५→१ या फेरीसाठी u4 = 2, u2 = 3, u6 = 4, u3 = 5, u5 = 6 घेतले की सर्व अटी पाळल्या जातात. पाच शहरांना २ ते ६ या मर्यादेत प्रत्येक पावलाला किमान १ ने चढायचे असल्याने याहून वेगळे क्रमांक शक्यच नाहीत. त्यामुळे u पूर्णांक असल्याचे सॉल्व्हरला वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यांना सतत चल म्हणूनच ठेवावे. पूर्णांक असण्याचे बंधन फक्त x वर हवे.

या मांडणीची मर्यादाही तितकीच समजून घ्यावी. अटी केवळ (n-1)(n-2) असतात, म्हणजे तुमच्या उदाहरणात २०, आणि मॉडेल लिहायला अगदी सोपे जाते. मात्र x वरचे पूर्णांकाचे बंधन सैल केले, की या अटी फार कमकुवत पडतात. u4, u5, u6 समान घेऊन x45 = x56 = x64 = 0.8 ठेवा, 5 × 0.8 = 4 असल्याने त्या तिन्ही अटी पाळल्या जातात. तिन्ही वाटांची बेरीज २.४ होते, तर तीन शहरांच्या आत जास्तीत जास्त दोनच वाटा असाव्यात असे सांगणारी डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांची १९५४ ची अट ती २ वरच रोखते. या फटीमुळे खालची मर्यादा खऱ्या उत्तरापासून दूर राहते आणि सॉल्व्हरला फांद्या वाढवत बसावे लागते. लॉगमध्ये चांगले उत्तर लवकर सापडूनही गॅप दीर्घकाळ हलत नसेल, तर बहुधा हेच घडत असते.

यावरचा स्वस्त उपाय डेरोशे आणि लापोर्त यांनी सुचवला: अटीच्या डाव्या बाजूला (n-3) x_ji ही भर घालावी. n = 6 साठी ती 5 x_ij + 3 x_ji + u_i - u_j ≤ 4 अशी होते. i, j आणि j, i यांच्या दोन अटींची बेरीज केल्यास x_ij + x_ji ≤ 1 मिळते, म्हणजे दोन शहरांमधली ये-जा अपूर्णांकातही पूर्ण बंद होते. तीन किंवा अधिक शहरांच्या उपफेऱ्यांसाठी फट थोडी शिल्लक राहतेच. म्हणून शहरे शेकड्यांत असतील, तर मी १९५४ च्या अटी, ज्या मोडल्या जातील तेवढ्याच, गणित सुटत असताना एकेक करून घालण्याची पद्धत निवडेन.