‘मागणी वाढली’ हे एकच वाक्य दोन ठिकाणी वापरू नका

“नववीच्या मुलांसाठी वाचनपत्रिका तयार करतेय. हा परिच्छेद सोपा करायचा आहे: ‘किमतीव्यतिरिक्त अन्य निर्धारक घटकांत परिवर्तन झाल्यास मागणी वक्राचे उजवीकडे वा डावीकडे स्थानांतरण होते. तद्वतच उत्पादनखर्च, तंत्रज्ञान इत्यादींतील बदलांमुळे पुरवठा वक्र स्थानांतरित होऊन नवा समतोल प्रस्थापित होतो. किमतीतील बदलामुळे होणारा मागणीचा विस्तार वा संकोच मात्र त्याच वक्रावर दर्शवला जातो.’ वाक्यं तोडली, अवघड शब्द काढले, तरी मुलं गोंधळतातच. काय चुकतंय?”

तुमची पोस्ट वाचून मला माझीच जुनी वही आठवली. जवळपास हाच परिच्छेद मी एका पूरक पुस्तिकेसाठी सोपा केला होता आणि त्यात जी चूक केली, ती छापूनही गेली. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही, अवघड मजकूर मुलांसाठी लिहून देणं हे माझं काम. तेव्हा नेमक्या व्याख्येसाठी विषयाच्या शिक्षकांना जरूर दाखवा. पण मुलं कुठे अडखळतात हे मी बरंच पाहिलं आहे.

अडचण लांब वाक्यांत नाही. मी वाक्यं अगदी छोटी केली होती. एका ओळीत लिहिलं, ‘किंमत कमी झाली की मागणी वाढते.’ चार ओळींनंतर लिहिलं, ‘मागणी वाढली की किंमत वाढते.’ दोन्ही वाक्यं सोपी आणि मला दोन्ही बरोबर वाटत होती. एका मुलीने ती एकाखाली एक वहीत उतरवली आणि विचारलं, “म्हणजे किंमत कमी झाली की किंमत वाढते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने केलेला तर्क चोख होता. घोटाळा माझ्या शब्दात होता. पहिल्या वाक्यातली मागणी म्हणजे लोकांनी त्या भावाला घेतलेला माल. दुसऱ्या वाक्यातली मागणी म्हणजे आकृतीतली अख्खी रेषा, म्हणजे कोणत्या भावाला लोक किती घेतील याची पूर्ण यादी. पहिल्यात आपण त्याच यादीत एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जातो. दुसऱ्यात यादीच नवी होते. पुस्तकात हा फरक ‘विस्तार’ आणि ‘वृद्धी’ अशा दोन शब्दांनी दाखवतात. पण नववीच्या मुलाला दोन्हींचा अर्थ ‘वाढ’ एवढाच लागतो. ‘संकोच’ वाचल्यावर तर त्याला लाजणं आठवतं.

म्हणून माझं ठाम मत असं की या परिच्छेदात भाव बदलल्यामुळे जे होतं, त्याला मागणी हा शब्दच लावू नका. तिथे ‘लोकांनी जास्त घेतला’, ‘कमी घेतला’ असं लिहा. ‘मागणी वाढली’ हे फक्त रेषा सरकते तेव्हासाठी राखून ठेवा, आणि प्रत्येक वेळी त्याच्यासोबत ‘त्याच भावाला’ हे दोन शब्द लिहा. त्याच भावाला लोक आता जास्त मागतात. त्याच भावाला शेतकरी आता कमी माल आणतात. रेषा सरकली की नाही, याची मुलाच्या हातातली कसोटी हे दोन शब्दच आहेत.

याच दोन शब्दांनी मला सगळ्यांत जास्त मनस्ताप दिला. ज्या कार्यालयासाठी मी लिहीत होतो (नाव घेत नाही), त्यांना मी सुधारलेला मसुदा दिला. तो तीनदा परत आला. शेरा दरवेळी एकच, ‘अधिक सोपे करावे’. काय अवघड आहे, कोणत्या वाचकाला अवघड गेलं, एक ओळ नाही. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच कात्री लावली. ‘त्याच भावाला’ चार वेळा आलं होतं, ते पुनरुक्ती म्हणून चारही ठिकाणी काढलं आणि ‘विस्तार’, ‘वृद्धी’ प्रमाण शब्द म्हणून परत घातले. मी फोन केला, पत्र लिहिलं, त्या मुलीची वहीसुद्धा दाखवायला नेली. कुणी उघडून पाहिली नाही. पुस्तिका तशीच छापली आणि पुढे दोन वर्षं वर्गावर्गात तोच प्रश्न माझ्याकडे येत राहिला. अजूनही वाईट वाटतं. तुमच्या पत्रिकेवर कुणी असा हात फिरवणार असेल, तर समासात आधीच लिहून ठेवा की ही पुनरुक्ती मुद्दाम केलेली आहे.

आता आकड्यांकडे. परिच्छेदाआधी मुलांना एकच छोटं उदाहरण करायला द्या, नाहीतर कितीही चांगलं लिहिलं तरी ते हवेत राहतं. मी कांदा घेतो. आकडे मनाने घेतलेले आहेत, मुद्दाम सोपे, आणि मुलांनाही तसं सांगा. भाव किलोला 20 रुपये असेल तर गिऱ्हाईक 100 क्विंटल घेईल, 30 ला 80, 40 ला 60. शेतकरी 20 ला 60 क्विंटल आणतील, 30 ला 80, 40 ला 100. दोघांचं 30 रुपयांवर जुळतं, 80 क्विंटल विकला जातो. समतोल म्हणजे एवढंच.

आता अवकाळी पाऊस झाला, चाळीतला कांदा सडला. प्रत्येक भावाला शेतकऱ्यांकडे आधीपेक्षा 40 क्विंटल कमी आहे. म्हणजे 20 ला 20, 30 ला 40, 40 ला 60. गिऱ्हाइकाची यादी मात्र बदललेली नाही. तिच्यातून शोधलं की 40 रुपयांवर जुळतं, विक्री 60 क्विंटल. इथे थांबून विचारा, “मागणी कमी झाली का?” बहुतेक मुलं हो म्हणतील, कारण 80 चे 60 झालेले दिसतात. यादी पुन्हा दाखवा. 40 रुपयांना 60 क्विंटल घेणार, हे गिऱ्हाइकाने पावसाआधीच सांगितलेलं होतं. मागणीची रेषा हललीच नाही. भाव चढला म्हणून लोकांनी कमी घेतला, एवढंच.

दुसरं उदाहरण कांदेनवमीचं. आषाढ शुद्ध नवमीला, चातुर्मासात कांदा बंद होण्याआधी, घरोघरी भजी आणि थालीपीठं होतात. समजा प्रत्येक भावाला लोक 40 क्विंटल जास्त मागू लागले, 20 ला 140, 30 ला 120, 40 ला 100. शेतकऱ्यांची पहिली यादी धरली तर पुन्हा 40 रुपयांवरच जुळतं. पण या वेळी विक्री 100 क्विंटल. पावसात भाव 40, नवमीलाही भाव 40. कोणती रेषा सरकली हे नुसत्या भावावरून कळत नाही, विकलेला माल बघावा लागतो. भाव चढला आणि माल कमी खपला तर पुरवठा आटला. भाव चढला आणि माल जास्त खपला तर मागणी वाढली. दुसरी रेषा जागेवर असेल, तोवरच हे खरं. मला विचाराल तर या धड्यातून मुलाने एवढंच घेऊन गेलं तरी पुरे. चातुर्मास लागल्यावर जे लोक कांदा सोडतात, त्यांच्यामुळे रेषा डावीकडे येते हे मुलं मग स्वतःहून सांगतात.

नाशिककडची मुलं असतील तर निर्यातबंदी घ्या. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये ती लावली आणि मे 2024 मध्ये उठवली. आपल्या बाजार समितीच्या दृष्टीने बाहेरचं गिऱ्हाईक एका आदेशाने गेलं, म्हणजे त्याच भावाला मागणी कमी. दोन्ही पहिल्या याद्या धरून गिऱ्हाइकाच्या यादीत प्रत्येक भावाला 40 क्विंटल कमी करा, भाव 20 वर येतो आणि विक्री 60 वर. वर्गात मात्र जपून. ज्यांच्या घरी कांदा पिकतो त्या मुलांसाठी हे गणित नसतं, घरातला तो हंगाम असतो. बंदी योग्य की अयोग्य हा वाद या परिच्छेदात आणू नका, रेषा कुठली हलली तेवढंच विचारा.

दोन्ही रेषा एकदम सरकल्या तर काय, हे मूळ लेखक बहुतेक वेळा शेवटी कोंबतात. तुमच्या परिच्छेदात ते नाही हे चांगलं आहे, घालूही नका. अगदीच कुणी विचारलं तर पाऊस आणि बंदी एकत्र करून दाखवा. भाव 30 वरच राहतो, विक्री मात्र 80 वरून 40 वर येते. भाव जागचा हलला नाही म्हणून बाजारात काही घडलं नाही असं नसतं, हे त्यातून दिसतं.

मी आज लिहिला तर असा लिहीन:

‘कांद्याचा भाव उतरला की लोक जास्त कांदा घेतात, चढला की कमी घेतात. हे मागणीच्या रेषेवर आधीपासूनच काढलेलं असतं, त्यामुळे रेषा जागची हलत नाही. आपण फक्त तिच्यावरच्या एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो. पण कधी कधी भाव तोच असतो आणि तरीही लोकांना जास्त कांदा हवा असतो, उदाहरणार्थ कांदेनवमीला. त्याच भावाला लोक जास्त मागतात, म्हणून मागणीची अख्खी रेषा उजवीकडे सरकते. त्याच भावाला कमी मागू लागले तर ती डावीकडे सरकते. शेतकऱ्यांचंही असंच. पावसाने कांदा सडला तर त्याच भावाला बाजारात कमी माल येतो आणि पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकते. पीक चांगलं आलं तर त्याच भावाला जास्त माल येतो आणि ती उजवीकडे सरकते. रेषा सरकली की दोन्ही रेषा नव्या जागी छेदतात. तिथे नवा भाव ठरतो.’

मूळ मजकुरापेक्षा हा जवळजवळ तिप्पट झाला आहे. होऊ द्या. सोपं म्हणजे आखूड असा आग्रह धरणाऱ्यांचं ऐकून मी एकदा पस्तावलो आहे.

यात ‘वक्र’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. आकृतीत सरळ रेघ असते आणि खाली ‘वक्र’ लिहिलेलं असतं. मुलं विचारतात, वाकडं कुठे आहे? पुढच्या इयत्तांच्या पुस्तकांत या रेषेला वक्र म्हणतात, असं तळटिपेत एकदा सांगा.

आकृती काढताना रेषा सरकल्याचा बाण नेहमी आडवा काढा, आणि ‘वर गेली’, ‘खाली आली’ असं कधी म्हणू नका. पुरवठा वाढला की त्याची रेषा उजवीकडे जाते, पण कागदावर ती खाली उतरल्यासारखी दिसते. ‘वाढ म्हणजे वर’ असं शिकलेला मुलगा ती नेमकी उलट, डावीकडे काढतो आणि मग त्याचा कांदा भरघोस पिकूनही महाग होतो. उत्तरपत्रिकेत तसा भाव दिसला की आधी बाण कुठल्या दिशेला काढलाय ते बघा.