४० मिनिटांच्या तासात औद्योगिक क्रांती: कुठली फिल्म बसेल?

"आठवीला औद्योगिक क्रांती शिकवतेय, तास ४० मिनिटांचा. चांगले सिनेमे सगळे दीड-दोन तासांचे. दोन तासांत विभागून दाखवू का?"

विभागून दाखवू नका. मी केलंय ते, दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ "काल काय झालं होतं" यातच गेला आणि मुलांना गोष्ट आठवत होती, धडा नाही.

आधी वेळ मोजा. ४० मिनिटं कागदावर, पण हजेरी, पडदे, प्रोजेक्टर यात ६-७ मिनिटं जातातच, आणि नंतर बोलायला किमान १५ हवीत, नाहीतर घंटा होते आणि मुलं निघून जातात. म्हणजे फिल्मला उरतात फार तर १८-१९ मिनिटं. मग सिनेमा शोधण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा. तुमच्या धड्यासाठी मी लिहीन, "हाताचं काम यंत्राकडे गेलं तेव्हा कामगाराचं काय बदललं?" जी फिल्म याचं उत्तर डोळ्यांना दाखवत नाही ती कितीही गाजलेली असो, सोडून द्या.

या प्रश्नाला बर्ट हान्स्त्राची 'ग्लास' (१९५८) अगदी फिट बसते. जेमतेम ११ मिनिटांची डच माहितीफिल्म, निवेदन नाही, त्यामुळे सबटायटल वाचायची कटकट नाही. आधी कारागीर गाल फुगवून नळीतून काचेत फुंकर मारतात, मग यंत्र धडाधड बाटल्या काढतं. मध्येच एक फुटकी बाटली अडकते, मागच्या बाटल्या येऊन आपटतात, फुटतात, आणि यंत्राला त्याचा पत्ताच नसतो! तिथे पॉज करा आणि विचारा, आता हे कोण थांबवणार? मुलांची उत्तरं घेऊनच पुढे जा, कारण पुढे माणसाचा हात येतो.

सिनेमाच हवा असेल तर चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) पूर्ण ८७ मिनिटं आहे, पण सुरुवातीचा कारखान्याचा भाग एकटाही उभा राहतो. सरकत्या पट्ट्यावरून बाजूला झाल्यावरही चॅप्लिनचे हात नट आवळल्यासारखे झटकत राहतात, तेवढं एक दृश्य दोनदा दाखवा. दोन्ही फिल्म मात्र एकाच तासात कोंबू नका.

आणि एक, दोन्ही फिल्म विसाव्या शतकातल्या आहेत, वाफेच्या इंजिनाच्या काळातल्या नाहीत. फिल्म लावायच्या आधीच हे फळ्यावर लिहा नाहीतर मुलं पेपरात अठराव्या शतकात सरकते पट्टे लिहून येतात, माझ्या वर्गात आलेत.

आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर शेवटच्या बाकावर बसून बघा. लॅपटॉपवर स्वच्छ दिसणारी कृष्णधवल फिल्म उजेडात नुसती राखाडी दिसते. तेव्हाच पॉजची वेळ मिनिट-सेकंदात वहीत टिपून ठेवा, वर्गात पुढे-मागे करत बसलात की मुलांचं लक्ष गेलंच समजा.