पॉयसन प्रोसेस: चौकशीचे २० कॉल आले म्हणून तक्रारी वाढत नाहीत, कमीही होत नाहीत

प्रश्न: "तासाला सरासरी १२ कॉल येतात, प्रत्येक कॉल १/४ शक्यतेने तक्रारीचा, बाकी चौकशीचे. एका तासात चौकशीचे २० कॉल आले, तर त्या तासात तक्रारीचे सरासरी किती? उत्तर ३ दिलंय, मला पटत नाही. आणि अशा गणितांत λ कधी धरायचा, कधी सोडायचा?"

३च. उत्तर बरोबर आहे. आणि एवढं ठासून लिहितोय कारण नेमक्या ह्याच मुद्द्यावरून माझं एका साहेबांशी भर मिटींगमध्ये वाजलं होतं आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

हेल्पलाइनवर कुठल्या रांगेला किती माणसं बसवायची याचे अंदाज मी काढायचो. चौकशीची रांग एक दिवस तुफान भरली. साहेब म्हणाले, तक्रारीकडची दोन माणसं इकडे घ्या, तासाचे कॉल साधारण ठरलेले असतात, ते सगळे चौकशीतच गेले तर तक्रारी कमीच येणार. लगेच बाजूच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, उलट, तक्रारी वाढणार, एकास तीन प्रमाण आहे ना, मग वीस चौकश्यांना साडेसहा-सात तक्रारी धरा. दोघांनाही आपापलं अगदी उघड वाटत होतं. मी म्हटलं तक्रारीचा अंदाज सकाळी होता तोच राहील. त्यावर साहेब हसून म्हणाले, "म्हणजे वीस कॉलचा आकडा मिळूनही तुला काहीच कळलं नाही?" हो, तक्रारींबद्दल काहीच कळलं नाही! तेच तर सांगत होतो.

आता हिशोब बघ. एकूण कॉल पॉयसन १२, आणि प्रत्येक कॉलला तक्रार की चौकशी हे स्वतंत्रपणे ठरतंय. a तक्रारी आणि b चौकश्या एकाच तासात येण्याची शक्यता लिहायची, म्हणजे आधी एकूण a+b येण्याची पॉयसन शक्यता आणि तिला त्यातल्या a तक्रारी निघण्याच्या बायनोमियल शक्यतेने गुणायचं:

```
e^(-12) 12^(a+b)/(a+b)!  ×  (a+b)!/(a! b!) (1/4)^a (3/4)^b
  =  [ e^(-3) 3^a / a! ]  ×  [ e^(-9) 9^b / b! ]
```

सगळी जादू (a+b)! मध्ये आहे. पॉयसनच्या छेदात तो असतो आणि बायनोमियलच्या अंशात, दोन्ही उडतात, आणि a आणि b ला एकत्र बांधून ठेवणारं काही उरतच नाही. तक्रारी स्वतंत्र पॉयसन ३, चौकश्या स्वतंत्र पॉयसन ९. चौकश्या वीस येवोत की शून्य, डावा कंस हलत नाही. हे पॉयसनचंच वैशिष्ट्य आहे बरं का, एकूण आकडा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने वागत असेल तर हे असं सुटं होत नाही.

आता प्रश्नातला एकच शब्द बदल: त्या तासात एकूण २० कॉल आले. इथे मात्र तक्रारी बायनोमियल, n=20 आणि p=1/4, सरासरी ५. आणि आता एक तक्रार वाढली की एक चौकशी नक्की कमी होणार, म्हणजे साहेबांचं म्हणणं इथे चालतं. म्हणून गणित वाचताना आधी एवढंच बघायचं की दिलेला आकडा एकूणचा आहे की एका प्रकारचा. बहुतेक लोक घसरतात ते इथेच, फॉर्म्युल्यात नाही.

λ बद्दल: एकूण आकडा एकदा हातात दिला की λ चं काम संपलं, कारण λ फक्त किती येतील हे सांगतो, आणि ते तर आता कळलंय. ते कधी आले याबद्दल मग एवढंच उरतं की प्रत्येक कॉल त्या तासात कुठेही, सारख्याच शक्यतेने आणि एकमेकांना न विचारता पडलाय. तासात ६ कॉल आले असं दिलंय, तर पहिल्या २० मिनिटांत बरोबर २ आल्याची शक्यता १५ × (१/३)² × (२/३)⁴, म्हणजे जवळपास ०.३३. इथे रेट १२ असो की १२०, फरक शून्य.

वेटिंग टाइमलाही हेच लागू आहे आणि इथे जास्त गंमत आहे. काहीच दिलेलं नसेल तर पहिल्या कॉलची वाट एक्सपोनेन्शियल, सरासरी ५ मिनिटं, आणि पहिल्या तक्रारीची सरासरी २० मिनिटं. पण तासात ६ कॉल आले असं सांगितलं की एक्सपोनेन्शियल विसरायचं. पहिला कॉल t मिनिटांनंतर येण्याची शक्यता म्हणजे सहाच्या सहा t नंतर पडण्याची, (1 - t/60)^6, आणि सरासरी निघते ६०/७, साधारण साडेआठ मिनिटं. लोक बिनधास्त ६०/६ करून दहा लिहितात. अरे, सहा कॉल तासाचे सात तुकडे करतात, शेवटच्या कॉलनंतर उरलेला वेळ कोण मोजणार?

आता थोडी पुस्ती जोडतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन भांडेल. वरचं सगळं रेट १२ पक्का माहीत आहे असं धरून आहे. रेटच दिवसागणिक बदलत असेल, आणि आज तो किती हे माहीत नसेल, तर २० चौकश्या दिसणं म्हणजे आज रेटच चढलाय असा सुगावा, आणि मग तक्रारींचा अंदाज वर न्यावाच लागतो. म्हणजे मॅडम पूर्ण चूक नव्हत्या, फक्त हे कारण त्यांनी दिलं नव्हतं, आणि अख्ख्या साडेसहावर उडीही नसती मारायची. दुसरं, प्रकार ठरताना आधीच्या कॉलकडे बघितलं जात असेल तर स्प्लिटिंग मोडतं. एक कॉल या ऑपरेटरला, पुढचा त्या ऑपरेटरला असं आळीपाळीने वाटलं तर प्रत्येकाच्या दोन कॉलमधलं अंतर दोन एक्सपोनेन्शियलची बेरीज होतं, सरासरी १० मिनिटं असली तरी ते पॉयसन नाही. अगदी छोटी अंतरं जवळजवळ दिसतच नाहीत. नाणं उडवून वाटलं असतं तर पॉयसन राहिलं असतं. परीक्षेत हा फरक मुद्दाम विचारतात.

आणि तुझ्याही ऑफिसात कोणी असे साहेब असतील तर तोंडाने वाद घालू नकोस, कॉलचा लॉग माग. रोजचा एकच ठरावीक तास घे, म्हणजे वेळेप्रमाणे होणारे चढउतार मध्ये येणार नाहीत, आणि बऱ्याच दिवसांचे तक्रारी-चौकश्यांचे आकडे शेजारी ठेवून कोरिलेशन काढ. शून्याच्या आसपास आलं तर माझं खरं. पॉझिटिव्ह आलं तर रेट डोलतोय, मॅडमचं खरं, आणि तेव्हा एकूण कॉलचा व्हेरियन्सही सरासरीपेक्षा मोठा दिसेल. निगेटिव्ह आलं तर एकूण आकड्याला कुठेतरी झाकण आहे, बहुतेक सगळ्या लाइन भरून कॉल परत जातायत, आणि तिथे तक्रारी कमी झालेल्या नसतात, त्या फक्त लागत नसतात. अशा वेळी तक्रारीकडची दोन माणसं उचलणं हा सगळ्यात वाईट उपाय.