व्हाईट व्हिनेगर नैसर्गिक आहे की केमिकलचं हे लेबलवरून कसं ओळखायचं? कांदा-मिरची घालून ठेवायचीय

बाटलीचा पुढचा भाग सोडून द्या, मागे बघा. 'सिंथेटिक – प्रिपेअर्ड फ्रॉम ॲसिटिक ॲसिड' असं लिहिलेलं असेल तर ते कारखान्यातलं ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं. आपल्याकडे कायद्यानेच हे लिहावं लागतं, फक्त पुढे 'व्हाईट व्हिनेगर' हाताएवढं आणि हे मागे मुंगीएवढं असतं. 'ब्रूड' लिहिलेलं असेल तर ते उसाचा रस, गूळ, मळी, माल्ट किंवा फळांचा रस आंबवून केलेलं, म्हणजे आधी त्यात दारू तयार होते आणि मग दारूचा व्हिनेगर.

आता लोक गोंधळतात ते इथे. ब्रूड बाटलीवर पण 'ॲसिटिक ॲसिड ४%' असं दिसतं आणि लगेच वाटतं की हे पण केमिकलचंच. तसं नसतं, व्हिनेगरमधला आंबटपणा मुळात ॲसिटिक ॲसिडचाच, मग ते आंबवून आलेलं असो नाहीतर कारखान्यातून, आणि ते ४% म्हणजे फक्त किती आंबट आहे तो आकडा. बघायचं ते घटकांच्या यादीत. तिथे 'पाणी, ॲसिटिक ॲसिड' किंवा आयएनएस २६० एवढंच असेल तर सिंथेटिक. 'ब्रूड व्हिनेगर' किंवा उसाचा रस वगैरे लिहिलं असेल तर आंबवलेलं.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. मागे रविवार कारंज्यावर एका दुकानात शेजारी शेजारी दोन बाटल्या होत्या, एक पाण्यासारखी स्वच्छ आणि एक चहासारखी तपकिरी, दुकानदार म्हणे ताई ही ब्राऊनवाली ओरिजिनल. मागे वाचलं तर ब्राऊनवालीत पाणी, ॲसिटिक ॲसिड आणि आयएनएस १५० वाला कॅरॅमल रंग, आणि स्वच्छवाली उसापासून आंबवून नंतर डिस्टिल केलेली! डिस्टिल केलं की रंग मागेच राहतो ना. घरी चमचाभर आटवून खाली चिकट काही उरतं का बघा असं पण लोक सांगतात, पण त्यात डिस्टिल केलेलं खरं असूनही नापास होईल आणि कॅरॅमलवालं खोटं पास. त्यापेक्षा लेबल बरं. ॲपल सायडर नाहीतर जांभळाचं व्हिनेगर घेताना पण हीच यादी वाचा, फळाचा फोटो कोणीही छापतं.

आता तुमच्या कांदा-मिरचीसाठी कोणतं? खरं सांगायचं तर टिकायच्या बाबतीत दोघांत फरक नाही, कारण टिकवतं ते आम्ल. सिंथेटिक म्हणजे विष पण नाही, खाण्यासाठीच विकायची परवानगी आहे. फरक चवीत. सिंथेटिकचा नुसता नाकात जाणारा झणका असतो, ब्रूडला थोडी मागची गोडसर चव असते. मी चायनीजला, जिथे चमचाभर घालून शिजवायचंय, तिथे सिंथेटिक वापरते, पण सॅलडला आणि कच्च्या कांद्याला ब्रूडच, कारण तिथे व्हिनेगरच तोंडात येतं.

टिकण्यासाठी खरं महत्त्वाचं काय, तर तो टक्क्याचा आकडा. आपल्याकडे किमान ३.७५% लागतं, बऱ्याच बाटल्यांवर ४% असतं, आणि परदेशी रेसिपी ५% धरून लिहिलेल्या असतात. समजा तुम्ही व्हिडिओ बघून अर्धा किलो छोटे कांदे घेतले आणि २५० मिली व्हिनेगरमध्ये २५० मिली पाणी घातलं. तिकडे ५ चं अडीच टक्के झालं, तुमच्याकडे ४ चं थेट दोनच. त्यात कांद्याला स्वतःचं पाणी सुटतं, म्हणजे आणखी कमी. हॉटेलसारखा गुलाबी कांदा करून फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचा असेल तर हे चालतं, बाहेर कपाटात महिनाभर ठेवायला नाही. बरणीत पांढरा तवंग आला, पाणी गढूळ झालं किंवा झाकण उघडताना गॅस सुटला तर समजा आम्ल कमी पडलं, टाकून द्या. जास्त दिवस हवं असेल तर पाणी न घालता नुसतं व्हिनेगर आणि मीठ, कांदा-मिरची पूर्ण बुडलेली, आणि तरी फ्रीजच.

लसूण घातला आणि निळा-हिरवा पडला तर घाबरू नका, ब्रूडमध्ये पण होतं ते, आम्लात लसणाचा रंग तसा बदलतो, खायला चालतो.

आणि हो, कोणी सांगितलं की केमिकलच्या दुकानातून ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणून घरीच पातळ कर, स्वस्त पडतं, तर ते नको. जवळजवळ शंभर टक्के तीव्र असतं, कातडी भाजते, आणि दुकानातलं ते खाण्याच्या दर्जाचं असेलच असं नाही.