नव्या अग्निरक्षक स्वयंसेवकास ग्रामसभेत दिलेला सल्ला

कडब्याच्या गंजीला आग लागल्यास आपली तयारी कशी असावी, असे आपण विचारलेत. सरपंच या नात्याने माझे सांगणे असे की, सुरुवातीला सामाईक डिझेल पंपाकडे लक्ष द्यावे. गेल्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झाले, परंतु पाणी आले नाही, कारण फुटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकल्याने सक्शन पाइपातले पाणी विहिरीत उतरले होते. म्हणून दर आठवड्याला पंप तोंडोतोंड पाण्याने भरून पंधरा मिनिटांनी पाहावे; पातळी उतरली असेल, तर व्हॉल्व्ह वर काढून साफ करावा. पाणी पंपापासून सुमारे 7 मीटरांहून खोल गेले की पंपच खाली उतरवावा लागतो.

वाळू कोरडी व झाकलेली ठेवावी, कारण ओल्या वाळूचे गोळे होतात आणि ती पसरत नाही. पेटत्या रॉकेलवर पाणी ओतणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. रॉकेल पाण्यावर तरंगून आग पसरवते, तेथे वाळूच टाकावी. विजेच्या मोटारीजवळ आधी मुख्य स्विच बंद करावा. विझलेली दिसणारी गंजीही आतून धुमसते, तेव्हा ती दाताळ्याने उकलून भिजवावी. पाण्याची धार धरण्याचे शिक्षण पुढच्या सभेत घेऊ.