वरून शूटिंग: मोबाइल किती उंच, फोकस कुठे, माइक कुठे

प्रश्न : उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ वरून घ्यायचाय. मोबाइल ओट्यावरच्या फळीला अडकवला तर हात आत आले की फोकस मागेपुढे होतो, आणि आवाज तर विहिरीतून आल्यासारखा. कुठला स्टँड घेऊ?

ताई, स्टँडचं शेवटी बघू. आधी ओटा सोडा आणि जेवणाच्या टेबलावर या. उकड काढणं आणि मोदक वाफवणं वेगळं, साध्या कोनातून घ्या. वरून दाखवण्यासारखं खरं काम म्हणजे पारी करणं आणि कळ्या पाडणं, आणि ते खुर्चीत बसूनच होतं. ओट्यापाशी उभं राहिलं की कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतो आणि वाकलं की डोकं फ्रेममध्ये शिरतं. बसल्यावर डोकं खाली राहतं. शिवाय गॅसची वाफ लेन्सवर बसत नाही.

टेबलाच्या पृष्ठभागापासून मोबाइल साधारण ७५ सेंटीमीटर वर ठेवा. तुमचा फोकसचा निम्मा त्रास इथेच संपेल. फळीखाली मोबाइल जेमतेम ३५-४० सेंटीमीटरवर असणार. इतक्या जवळून कॅमेऱ्याला वरखाली दोनचार सेंटीमीटरच स्पष्ट दिसतात, आणि कळ्या पाडताना मोदक तर ताटापासून चांगला अर्धी वीत वर उचललेला असतो. ७५ वर नेलं की मोदक आणि ताट दोन्ही स्पष्ट राहतात. फ्रेम खूप मोठी वाटेल, आजूबाजूचं टेबल दिसेल, पण झूमच्या नादी लागू नका. 4K मध्ये रेकॉर्ड करा आणि एडिटिंग करताना हवा तेवढा भाग कापून घ्या.

आता फोकस लॉक. बहुतेक लोक ताटावर बोट दाबून लॉक करतात आणि मग हातातला मोदक किंचित धूसर दिसतो. लॉक ताटावर करायचा नाही, हाताच्या उंचीवर करायचा. मोदक ज्या उंचीवर धरता तेवढा, म्हणजे १०-१२ सेंटीमीटरचा एखादा डबा ताटात ठेवा, त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा टाका आणि स्क्रीनवर त्या अक्षरांवर बोट दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK असं येतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह. मग डबा काढा. उजेडही त्याच वेळी लॉक होतो, म्हणून शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, नाहीतर पांढऱ्या उकडीत कळ्यांच्या रेघाच दिसत नाहीत. एक मोदक करून रेकॉर्डिंग मोठं करून बघा : कळ्यांच्या कडा धारदार आहेत की कापूस झालाय, लगेच कळतं. मध्ये कॅमेरा ॲप बंद केलं तर लॉक सुटतो, पुन्हा करावा लागतो.

स्टँड म्हणाल तर गायकांचा आडव्या दांड्याचा माइक स्टँड आणि त्यावर मोबाइलचा होल्डर पुरे. दोघांचे आटे बहुधा जुळत नाहीत, त्यामुळे मधला ॲडॅप्टर दुकानातच लावून बघा. स्टँड जमिनीवर, टेबलाला न टेकता ठेवा. टेबलाला क्लँप लावला तर पारी थापताना चित्र हलतं. दांड्याच्या मागच्या टोकाला तांदळाची पिशवी बांधा आणि मोबाइलला सुतळीची एक गाठ दांड्याशी मारा. खाली ताट आहे. दांडा समोरून किंवा बाजूने आणा, लेन्स ताटाच्या पलीकडच्या कडेवर येऊ द्या, आणि मोबाइल किंचित तुमच्याकडे कलवा. आपली सावली अशीच टळते. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मोबाइल आडवा करून डोळ्यांसमोर धरा, आयकॉन फिरले की मगच सपाट करा. सपाट मोबाइलला वर कुठलं हे समजत नाही.

आवाज घुमतो कारण माइक तोंडापासून लांब आहे आणि टाइल्सवरून परतलेला आवाज तो जास्त ऐकतो. त्यावर एडिटिंगचा उपाय फारसा चालत नाही. कॉलरचा वायरवाला माइक घ्या आणि हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यभागी लावा. आपण खाली बघून बोलतो, त्यामुळे माइक फार वर लावला तर हनुवटी त्यावर येते आणि आवाज दबतो. मंगळसूत्र आणि पदर त्यापासून दूर राहतील असं पाहा. घासल्याचा खरखराट नंतर नीट काढता येत नाही. वायर वरच्या मोबाइलपर्यंत ओढू नका, लोंबकळून फ्रेममध्ये येते. घरातला दुसरा मोबाइल खिशात ठेवा, त्यात आवाज रेकॉर्ड करा, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा ठोका एकावर एक ठेवले की दोन्ही जुळतात.

दोन्ही मोबाइल फ्लाइट मोडवर. पंखा बंद, दांडाही त्याने डुलतो. फ्रिजसुद्धा बंद करा, पण घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून, म्हणजे बाहेर पडायच्या आधी तो चालू करायची आठवण आपोआप होते.