२५ टक्के कशावर?

राजवाड्याजवळ कपड्यांचं दुकान टाकतोयस ना, मग भाव लावण्याआधी ठरव: टक्के खरेदीवर धरतोयस की विक्रीवर? २०० रुपयांत पडलेल्या कुर्त्यावर २५ टक्के चढवलेस की भाव २५० होतो. नफा ५० रुपये, म्हणजे विक्रीच्या फक्त २० टक्के. सुरुवातीला मी तो २५ टक्केच समजत होतो आणि दिवाळीत २० टक्के सूट लावली. वाटलं, ५ टक्के तरी उरतील. पण २५० मधून ५० गेले, कुर्ता खरेदीच्याच भावात गेला. दुकानाचं भाडं, पोरांचे पगार सगळं घरातून भरलं. विक्रीवर २५ टक्के हवे असतील तर २०० ला ०.७५ ने भाग, भाव साधारण २६७ येईल. त्यावर २० टक्के सूट दिलीस तरी १३ रुपये हातात राहतात.